धाकलूची लादी

धाकलू म्हात्रेच्या हाताला कंपनीत एक नाव होतं. रसायनीच्या त्या औषधाच्या कारखान्यात साहेब आले नि गेले, यंत्रं आली नि भंगारात गेली, पण क्ष-किरणाच्या यंत्रात ठेवायची भुकटी धाकलूनेच भरायची, हे काही बदललं नाही. रुपयाएवढा खळगा असलेली धातूची चकती. तिच्यात भुकटी घालायची, वरून काच ठेवायची, अंगठ्याने दाबायची आणि दाबता दाबता काच अलगद बाजूला सरकवत न्यायची. काच निघाली की खाली असा पृष्ठभाग की तोंड पाहून घ्यावं! प्रयोगशाळेतली पोरं त्याला ‘धाकलूची लादी’ म्हणायची. नवीन कुणी आलं की जुने सांगायचे, “मामांनी लादी बसवली की यंत्राला नखरे करायला जागा उरत नाही.”

हे ऐकून धाकलू खाली मान घालून हसायचा. आता खोटं कशाला बोला, त्याला ते आवडायचं. दहावी नापास माणूस. बाप खालापूरच्या पलीकडे दुसऱ्याची भातशेती करायचा. कंपनीत लागला तो बाटल्या धुवायला. मग कुणीतरी मिठाची चपटी गोळी दाबायला शिकवलं. मिठात औषध मिसळून ती दाबायची आणि तिच्यातून उजेड सोडून औषध पारखायचं. गोळी काचेसारखी आरपार झाली तर चांगली, धुरकट झाली तर फेकून दे. दहा वर्षं त्याने त्या गोळ्या केल्या. तेव्हापासून त्याच्या बोटांना एकच गोष्ट ठाऊक होती, की गुळगुळीत तेच चांगलं. पुढे क्ष-किरणाचं यंत्र आलं तेव्हा त्याच्या पाटीवर लिहिलेलं होतं, ‘पृष्ठभाग चकतीच्या काठाशी समपातळीत असावा.’ धाकलूने ते वाचलं आणि समपातळीत तर केलंच, वर आपल्या मनाने चकचकीतही केलं. पाटीवर चकचकीत हा शब्द कुठे नव्हता, पण सांगणार कोण?

त्याची लेक अक्षदा. तिचं लग्न त्याने मनोजशी लावून दिलं. चौकच्या बाजूचा, शेतकऱ्याघरचा, बोलायला कमी आणि कामाला वाघ. जावयाला धाकलूनेच शब्द टाकून कंपनीत चिकटवला. मनोज रिअॅक्टरवर होता. मोठ्या टाकीत औषध गरम द्रावणात विरघळवायचं आणि मग हळूहळू थंड करायचं, की तळाशी त्याचे स्फटिक धरतात. हळूहळू म्हणजे अगदी हळूहळू. घाईने गार केलं तर त्याच औषधाचे दुसऱ्या जातीचे स्फटिक धरतात. ते पोटात नीट विरघळत नाहीत, म्हणून कंपनीला नको असतात. शंभरात पाचापेक्षा जास्त निघाले की सगळी बॅच नापास.

दिवाळीनंतर वरून हुकूम आला की आता आणखी सावकाश थंड करायचं, म्हणजे स्फटिक मोठे होतील आणि गाळायला सोपे जातील. त्या नव्या पद्धतीची पहिली बॅच मनोजच्या हाती आली. त्या जुन्या टाकीला तापमानाचा आलेख काढणारं यंत्र नव्हतं. दर तासाला काटा पाहायचा आणि वहीत लिहायचं. मनोज दोन पाळ्या सलग उभा राहिला. दर तासाला तीन अंश, ना कमी ना जास्त. आपल्या नीटस अक्षरात एकाखाली एक आकडे लिहिले.

नमुना प्रयोगशाळेत आला. धाकलूने लादी बसवली. जावयाचं काम म्हणून जरा जास्तच जीव लावून बसवली. निकाल आला, नको असलेले स्फटिक अकरा टक्के.

साहेबांनी वही मागवली आणि हसले. “तीन, तीन, तीन, तीन! अरे, टाकी आहे की घड्याळ? इतके सरळ आकडे कधी खरे असतात का? थंड पाणी एकदम सोडलंस, झोप काढलीस आणि सकाळी वही रंगवलीस.”

“नाय साहेब, मी झोपलो नाय.”

“मग हे अकरा टक्के कुठून आले? आकाशातून? नमुना कुणी भरलाय ठाऊक आहे ना? तुझ्याच सासऱ्याने!”

नुसती चूक असती तर समज देऊन सोडला असता. पण औषधाच्या कारखान्यात खोटी नोंद म्हणजे चोरीपेक्षा वाईट. मनोजला काढला. धाकलू तेव्हा दाराशीच उभा होता. मनोजने त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मामा, नमुन्यात काय घोटाळा नसंल ना? परत एकदा बघता का?”

धाकलूला राग आला. राग कसला, भडकाच उडाला. वीस वर्षांत आपल्या हाताकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं आणि हा कालचा पोरगा विचारतो घोटाळा! तरी त्याने परत भरला. त्याच भुकटीतून, त्याच काचेने, त्याच अंगठ्याने, आणखी दाबून. निकाल बारा. “बगा,” तो म्हणाला, “आता काय बोलायचं ऱ्हायलंय?”

मनोजने फाटकाची वाट धरली.

खोटी नोंद करणारा, ही बातमी रसायनीच्या पट्ट्यात बसच्या आधी पोचते. चार कंपन्यांनी त्याला फाटकावरूनच परत पाठवलं. शेवटी शिळफाट्याच्या पुढे, आतल्या रस्त्याला, रसायनांचे टँकर आणि टाक्या धुणाऱ्या एका शेडमध्ये तो लागला. तिथे ना मास्क, ना दोरी, ना बाहेर उभा राहणारा माणूस. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा डोळे लाल आणि कपड्यांना असा वास की अक्षदा ते अंगणातच काढायला लावायची.

आणि घरात रोज तेच. “मी आकडे खरे लिवलेत गं,” तो म्हणायचा. “मग बाबा खोटं बोलतात का?” ती विचारायची. “तसं नाय म्हणत मी.” “मग कसं म्हणतोस? बाबांच्या हाताची चूक नाय होत. सगळी कंपनी सांगते. चुकलास तर चुकलास म्हण ना, माफ करीन मी. पण खोटं नको बोलूस रं माझ्याशी!” एक दिवस तिने पिशवी भरली आणि माहेरी आली. मनोज शेडवरच राहायला लागला. धाकलूने लेकीला ठेवून घेतली, समजावली वगैरे नाही. आत कुठेतरी त्याला बरंच वाटलं, की पोरीने बापाच्या शब्दावर भरवसा ठेवला. माणूस असाही असतो, काय करणार!

जानेवारीत नव्या पद्धतीची दुसरी बॅच निघाली. तेव्हा टाकीवर विठू पाटील होता, आणि मनोजप्रकरणी हात पोळलेल्या साहेबांनी त्याच्याशेजारी दोन माणसं उभी केली होती. तरी निकाल आला दहा टक्के. आता मात्र साहेबांचा चेहरा उतरला. तिघं मिळून झोपले म्हणावं तरी कसं? चौकशी सई दिघे नावाच्या नव्या मुलीकडे दिली. कर्जतच्या जुन्या घरातली, दहिवलीला राहणारी, घरात सगळे मास्तर आणि डॉक्टर. कंपनीत येऊन तिला तीन महिने झाले होते. बोलायला गोड, पण डोळा असा की काही निसटायचं नाही.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या आठवड्यात मंगळवारी तिने धाकलूला बोलावलं. शनिवारी धाकलूचा निवृत्तीचा निरोप समारंभ होता. शाल आली होती, फलकावर नावही लागलं होतं.

“धाकलूमामा, मनोजच्या बॅचचा राखून ठेवलेला नमुना आहे. नेहमीसारखा भरता का? मी नुसती बघते.”

त्याने भरला. काच दाबली, सरकवली. ती बघत राहिली. काच निघाली तेव्हा पृष्ठभाग चमकला आणि ती हळूच म्हणाली, “अरे देवा.”

“काय झालं, बाई?”

तिने त्याला सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. धाकलूने डोळा लावला. आत भुकटी नव्हती, पातळ पातळ पापुद्रे होते, रुंद आणि चपटे.

“हे आपलं चांगलं औषध,” सई म्हणाली. “सावकाश थंड केल्यामुळे असे मोठे पापुद्रे झालेत. पोह्यांसारखे. आणि ते नको असलेलं दुसरं असतं रव्यासारखं, बारीक नि गोल. मामा, ताटात पोहे सांडले आणि वरून तळहात दाबून फिरवला तर पोहे कसे बसतील?”

“आडवे. समदे आडवे.”

“आणि रवा?”

“रव्याला आडवं काय नि उभं काय!”

“हेच होतंय.” तिने पडद्यावर आलेख काढला. “स्फटिकात अणूंचे थर असतात, वेगवेगळ्या दिशांनी. प्रत्येक दिशेच्या थरांचं एकेक शिखर इथे उमटतं. पण शिखर उमटायला ते थर चकतीच्या पृष्ठभागाला समांतर लागतात. भुकटी कशीही, वेडीवाकडी पडलेली असली की सगळ्या दिशांना आपापला वाटा मिळतो. पापुद्रे सगळे आडवे झाले, की त्यांच्या सपाट अंगाचं शिखर ताडासारखं वाढतं आणि बाकीची खाली बसतात. आपण टक्का कसा काढतो? दुसऱ्या जातीचं एक शिखर आणि चांगल्या औषधाचं एक शिखर, यांच्या उंचीची तुलना करून. आणि चांगल्या औषधाचं जे शिखर आपण धरतो, ते नेमकं खाली बसणाऱ्यांपैकी आहे. रव्याचं आहे तिथेच राहिलं, पोह्याचं बुडालं. मग रवा जास्त आहे असं वाटणारच.”

धाकलूने पडद्यावर बोट ठेवलं. “पण शिखरं तर जागच्या जागी हायत. मी नेहमी बघतो.”

“जागा बदलत नाही, मामा. जागा स्फटिकाच्या रचनेवर ठरते. उंची तेवढी खोटं बोलते.”

“मग यंत्र चकती फिरवतं की. त्यानं नाय सारखं होत?”

“ती आपल्या जागी भोवऱ्यासारखी फिरते. पोह्यांचं ताट गरगर फिरवलं तरी पोहे आडवेच ना?”

मग तिने स्वतः नमुना केला. थोडी भुकटी खलात घेऊन अगदी हलकी कुटली. जास्त घोटायचं नाही, म्हणाली, जोर लावला तर औषधाची जातच बदलायची. चाळणीने चाळली. मग मागून उघडणारी चकती घेतली, तिचं तोंड खाली करून खरखरीत कागदावर ठेवली आणि भुकटी मागच्या बाजूने सैल सोडली. टेकवण्यापुरतं दाबलं आणि मागचं झाकण लावलं. सरकवणं नाही, पुसणं नाही. उलटी केली. वरचा भाग काठाशी समपातळीत होता, पण मळकट, निस्तेज. धाकलूने असा नमुना कुणी भरला असता तर टाकून दिला असता. दुसरा तिने चकतीच्या बाजूच्या फटीतून भरला. तिसरा बारीक काचनळीत घातला. तिच्यातून किरण आरपार जातात आणि नळी आपल्या लांबीभोवती गोल फिरते, म्हणून पापुद्र्यांना एका कुशीवर पडून राहता येत नाही.

दुपार झाली तेव्हा चार आकडे कागदावर होते. मागून भरलेला तीन. बाजूने भरलेला साडेतीन. नळीतला तीन. धाकलूची लादी अकरा.

“मनोजने सावकाश थंड केलं होतं,” सई म्हणाली. “इतकं नीट, की पापुद्रे असे मोठे झाले. त्याचे आकडे खरे होते, मामा.”

धाकलू स्टुलावर बसला. आपला अंगठा त्याला कुठे ठेवावा कळेना, म्हणून तो मुठीत धरला.

“मी अहवाल लिहिते,” ती म्हणाली. “तुम्ही फक्त लिहून द्या, तेव्हा काच कशी दाबली, कशी सरकवली. ते तुमच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही आणि त्याशिवाय साहेब मानणार नाहीत. आज दिलंत तर उद्या वर जाईल. तुमचा यात गुन्हा नाही. तुम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.”

गुन्हा नाही, हे त्याला ऐकू आलं. पण त्याहून जास्त त्याला दिसली ती शनिवारची खोली, टाळ्या वाजवणारे लोक आणि त्यांच्यातली कुजबुज: ‘याच्याच हाताने जावई गेला म्हणे.’

“बाई, शनिवार होऊंदे,” तो म्हणाला. “सोमवारी येऊन लिवून देतो. एवढी वर्सं काढली, चार दिवसांनी काय होतंय?”

सईला ते पटलं नव्हतं. पण समोर बापाच्या वयाचा माणूस हात जोडून बसला होता. “सोमवारी नक्की,” ती म्हणाली.

त्या दिवशी घरी अक्षदाने भात वाढला. सांगावं, असं दर घासाला त्याच्या मनात आलं. कंपनीला नको सांगू हवं तर, पण हिला सांग. घासामागून घास गेला. ताट धुतलं गेलं.

बुधवारी संध्याकाळी ओट्यावर अक्षदाचा फोन वाजला. मनोजचा होता. ती नुसती बघत राहिली. धाकलू समोर शेंगा सोलत बसला होता. उचल म्हणाला असता तर तिने उचलला असता, एवढं त्याला ठाऊक होतं. फोन वाजून वाजून थांबला. “परत तेच सांगणार, मी खरा, मी खरा,” ती म्हणाली आणि आत गेली.

गुरुवारी सकाळी शेडमध्ये एक माणूस टाकीत उतरला तो वर येईना. त्याला काढायला मनोज उतरला. तळाशी साचलेल्या वाफेने दोघांनाही उभं राहू दिलं नाही. बाहेरच्यांनी टाकी आडवी करून त्यांना ओढून काढलं, तेव्हा दोघंही संपले होते.

निरोप समारंभ झाला नाही. शाल कुणीतरी घरी आणून दिली. ती कुठे ठेवली, धाकलूला आठवत नाही.

सोमवारी मात्र तो गेला. सुतकात, दाढी वाढलेली, सरळ सईच्या टेबलापाशी. त्याने कागद घेतला आणि लिहिलं. काच किती दाबत होतो, कशी सरकवत होतो, कुणी शिकवलं, कुणी नाही. सई रडत होती. तिने त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. तो तिच्याकडून दोष घ्यायला आला होता, तेही हातून गेलं. कंपनीने मग झटपट सगळं केलं. काच सरकवून भरायला बंदी आली, खरखरीत कागद आले, पाटीवर चार नवीन ओळी आल्या. मनोजच्या नावापुढचा ‘खोटी नोंद’ हा शेरा खोडला आणि साहेबांनी त्याच दिवशीच्या तारखेचं सहीशिक्क्याचं पत्र दिलं, की सदर नोंदी योग्य होत्या.

दहाव्याला अक्षदा चौकला सासरी होती. विधी उरकून माणसं पांगली. ती मागच्या पडवीत एकटी बसली होती. धाकलूने पत्र तिच्या हातात दिलं.

तिने ते एकदा वाचलं. परत वाचलं. “म्हणजे त्यांनी खरे आकडे लिवलेले.”

“हो.”

“एक पण खोटा नाय?”

“एक पण नाय. माझा हात चुकला. मला ठाव नव्हतं गं.”

मग तिने कागदावरच्या तारखेवर बोट ठेवलं. “हे सोमवारचं हाय. ते गेल्यावरचं. तुमाला सोमवारी कळलं?”

हो म्हणायचं, एवढंच होतं. कागद त्याच्या बाजूने बोलत होता. सईने कुणाला सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हती. अक्षदाने विश्वास ठेवला असता. जन्मभर ठेवला होता.

“नाय,” तो म्हणाला. “त्याच्या आदल्या मंगळवारी.”

“मंगळवारी.” तिने बोटांवर मोजलं नाही. मोजायची गरजच नव्हती. “बुधवारी त्यांचा फोन आलेला.”

“हो.”

“तुमी समोर बसलेलात.”

“हो.”

तो वाट पाहत होता की ती ओरडेल, ऊर बडवेल, बापाला शिव्या घालेल. तिने तसलं काही केलं नाही. उठून आत गेली आणि पेन घेऊन आली. पत्र पडवीच्या कट्ट्यावर त्याच्यासमोर पसरलं.

“ह्याच्यावर मंगळवार नाय,” ती म्हणाली. “लिवा. कधी कळलं ते लिवा, खाली सही करा. मग आत त्यांची आई बसलीय, तिला वाचून दाखवा. मी नाय वाचणार.”

धाकलूने पेन घेतलं आणि मंगळवारची तारीख लिहिली.